देय तारीख आणि पैसे येण्याची तारीख वेगळ्या ठेवा

पुढील महिन्याच्या रोखीचे नियोजन करताना येणी आणि देणी एकाच तक्त्यात मांडावीत. A स्तंभात देय तारीख, B मध्ये त्या ग्राहकाला मागील पाच-सहा बिलांत सरासरी झालेला उशीर दिवसांत, C मध्ये अपेक्षित तारीख आणि D मध्ये रक्कम लिहावी. देण्यांची रक्कम उणे लिहावी आणि त्यांचा उशीर शून्य धरावा. सुरुवातीची शिल्लक G1 मध्ये ठेवून C2 आणि E2 मध्ये अनुक्रमे ही सूत्रे द्यावीत व खालपर्यंत ओढावीत:

```
=A2+B2
=$G$1+SUMIFS(D:D,C:C,"<="&C2)
```

समजा, सुरुवातीला 40,000 शिल्लक आहे, 5 तारखेला 90,000 येणे आहे आणि 10 तारखेला 70,000 व 20 तारखेला 45,000 देणे आहे. देय तारखांनुसार शिल्लक 15,000 च्या खाली जात नाही. परंतु तो ग्राहक नेहमी 12 दिवस उशीर करत असेल, तर पैसे 17 तारखेला येतील आणि 10 तारखेलाच 30,000 ची तूट पडेल. महिनाअखेरची शिल्लक दोन्ही वेळी 15,000 च दिसते, म्हणून केवळ मासिक बेरीज पाहणाऱ्याला ही तूट कळतच नाही. त्यामुळे E स्तंभातील सर्वांत लहान आकडा MIN ने शोधावा. तो उणे आल्यास पुरवठादाराकडे 18 तारखेपर्यंतची मुदत आताच मागता येते. एकाच दिवशी येणे व देणे असल्यास मात्र हे सूत्र दोन्ही एकत्र धरते, तेव्हा त्या येण्याच्या उशिरात एक दिवस वाढवावा.