रेपो वाढला म्हणजे धोरण कडक झालं का? तक्ता असा वाचा

नागपूरच्या सीताबर्डीवर संध्याकाळी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर; कर्ज महाग पडलं तर धोरण कडक, स्वस्त पडलं तर सैल. दर वर्षी पहिल्या तासाला कोणीतरी रेपोच्या रकान्यावर बोट ठेवतो आणि सांगतो, "सर, इथं दर आठ आहे, म्हणजे धोरण कडक. इथं सव्वासहा, म्हणजे सैल." गाइडातही बहुधा असंच छापलेलं असतं. हा सल्ला चुकीचा आहे. का चुकीचा, ते चार ओळींत दिसतं.

| वर्ष | मार्चअखेर रेपो (%) | सरासरी किरकोळ महागाई (%) | जीडीपी वाढ (%) |
|---|---|---|---|
| २०१३-१४ | ८.०० | ९.४ | ६.४ |
| २०१८-१९ | ६.२५ | ३.४ | ६.५ |
| २०२०-२१ | ४.०० | ६.२ | −५.८ |
| २०२२-२३ | ६.५० | ६.७ | ७.६ |

वाढीचे आकडे २०११-१२ या आधारवर्षाच्या मालिकेतले आहेत. महागाई म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकावरची, घाऊक नव्हे. ग्राहक आणि घाऊक अशा दोन्ही निर्देशांकांचे आकडे एका तक्त्यात मिसळले असतील तर तो तक्ता बाजूला ठेवा.

आधी वजाबाकी

रेपोतून महागाई वजा केली की वास्तव दर मिळतो. २०१३-१४ मध्ये आठातून ९.४ गेले, उरले उणे १.४. २०१८-१९ मध्ये ६.२५ मधून ३.४ गेले, उरले अधिक २.८५. म्हणजे आठ टक्क्यांचं वर्ष सैल होतं आणि सव्वासहाचं कडक. इथवर सगळ्यांना जमतं.

खरी अडचण: कोणता रेपो, कोणती महागाई

इथंच मी एकदा भर वर्गात तोंडावर पडलो. २०२२-२३ ची ओळ घेतली, ६.५० मधून ६.७ वजा केले, उणे ०.२ फळ्यावर लिहिलं आणि मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं की यंदा वास्तव दर जवळपास शून्य होता. मागच्या बाकावरची वर्ध्याची एक मुलगी म्हणाली, "पण सर, साडेसहा तर फेब्रुवारीत झाला ना? एप्रिलमध्ये तर चारच होता." तिचं बरोबर होतं. मी वर्षाच्या शेवटच्या दिवसाच्या दरातून अख्ख्या वर्षाची सरासरी वजा करत होतो.

त्या वर्षी दर किती वेळा हलला ते पाहा. एप्रिल २०२२ मध्ये ४.००, ४ मेपासून ४.४०, ८ जूनपासून ४.९०, ५ ऑगस्टपासून ५.४०, ३० सप्टेंबरपासून ५.९०, ७ डिसेंबरपासून ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ पासून ६.५०. प्रत्येक महिन्याच्या १५ तारखेला लागू असलेला दर घ्या, बाराही बेरजेत टाका आणि बारानं भागा. उत्तर साधारण ५.५ येतं. त्यातून ६.७ गेले की वास्तव दर उणे १.२. ज्या वर्षी रिझर्व्ह बँकेची दर ठरवणारी समिती एकामागून एक दरवाढी करत होती, ते वर्ष सरासरीनं चांगलंच सैल होतं. दर वर चढतोय म्हणजे धोरण कडक होत चाललंय, एवढंच म्हणता येतं. ते कडक झालं का, हा वेगळा प्रश्न, आणि परीक्षेतली निम्मी उत्तरं याच दोन गोष्टींच्या घोळात वाया जातात.

एवढ्यावर थांबलात तर पुन्हा फसाल. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्ज घेणारा कारखानदार मागच्या वर्षाची महागाई कशाला मोजेल? पुढचे बारा महिने त्याच्या मालाची किंमत किती वाढेल, हे तो पाहतो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२३ मध्ये २०२३-२४ साठी ५.२ टक्के महागाईचा अंदाज दिला होता. ६.५० मधून ५.२ गेले की अधिक १.३. एकाच ओळीतून उणे ०.२, उणे १.२ आणि अधिक १.३ अशी तीन उत्तरं निघाली.

माझं ठाम मत आहे की पहिलं उत्तर फेकून द्यावं. त्यातले दोन आकडे एका काळाचे नाहीतच. "वर्ष कसं गेलं" असं विचारलं असेल तर दुसरं घ्या. "वर्षाअखेर धोरण कुठं उभं होतं" असं विचारलं असेल तर तिसरं. आणि तिसऱ्यासाठी त्या वेळचा अंदाजच घ्या, नंतर प्रत्यक्ष आलेली महागाई नको. समितीला ती तेव्हा माहीत नव्हती. २०१३-१४ आणि २०१८-१९ चा रेपोही असाच सरासरी काढून पाहा: पहिलं वर्ष आणखी सैल ठरतं (सुमारे उणे १.९), दुसरं जवळपास जिथल्या तिथं राहतं. दर कमी हलला की घोळही कमी.

शून्याशी तुलना करू नका

वास्तव दर अधिक आला की कडक, उणे आला की सैल, हाही अर्धवट नियम. तुलना तटस्थ दराशी करायची. ज्या वास्तव दराला अर्थव्यवस्था ना तापते ना मंदावते, तो तटस्थ. तो कोणी मोजून पाहू शकत नाही, त्याचा अंदाजच करावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासकांचा २०२१-२२ च्या तिसऱ्या तिमाहीसाठीचा अंदाज ०.८ ते १.० टक्का होता. २०२३-२४ च्या चौथ्या तिमाहीसाठी तो १.४ ते १.९ झाला. आता आपले अधिक १.३ पाहा. जुन्या पट्टीनं किंचित कडक, नव्या पट्टीनं किंचित सैल. अशा ठिकाणी "जवळपास तटस्थ" लिहा आणि पुढं चला. २०१८-१९ चे २.९ मात्र कोणत्याही पट्टीनं कडकच.

वाढ शेवटी

वाढीचा रकाना पडताळणीसाठी आहे, निवाड्यासाठी नाही. दराचा परिणाम काही तिमाहींनी दिसतो. म्हणून २०१८-१९ चा कडकपणा त्याच ओळीतल्या ६.५ मध्ये शोधू नका. पुढच्या वर्षी वाढ ३.९ वर आली, पण तेव्हा बिगरबँक वित्त कंपन्यांकडचा पैसाही आटला होता. सगळं पाप रेपोच्या माथी मारू नका. शिवाय हे आकडे नंतर बदलतात. २०२०-२१ ची घट आधी उणे ७.३ सांगितली गेली, मग उणे ६.६, मग उणे ५.८.

रेपो झोपलेला असतो तेव्हा

२०२०-२१ ची ओळ वाचताना रेपोवर फार भिस्त ठेवू नका. बँकांकडे पैसा तुंबला होता. रिझर्व्ह बँकेकडून उसना घेणार कोण? उलट बँकाच तिच्याकडे पैसा ठेवत होत्या, रिव्हर्स रेपोनं, म्हणजे २२ मे २०२० पासून ३.३५ टक्क्यांनी. एका दिवसाच्या कर्जाचा बाजारदर त्याच तळाला चिकटलेला होता. म्हणून ४.०० ऐवजी ३.३५ मधून ६.२ वजा करा: उणे २.८५. तक्त्यातून दिसतं त्यापेक्षा धोरण बरंच सैल होतं.

याची उलटी बाजू ८ एप्रिल २०२२ ला दिसली. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेनं बँकांचा जास्तीचा पैसा ठेवून घ्यायला रिव्हर्स रेपोच्या जागी स्थायी ठेव सुविधा आणली आणि तिचा दर ३.७५ ठेवला. तळ एका दिवसात ०.४० नं वर सरकला. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेसमोरून दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तर तो म्हणाला असता, दर बदललाच नाही. त्या दिवसाच्या रेपोच्या आकड्यातही तसंच दिसतं: ४.००.