कानाच्या मशीनवर फोन घेताय? मग या चुका टाळा

श्रवणयंत्रांच्या दुकानात माझी बारा वर्षं गेली. आमच्याकडे सगळे त्याला ‘कानाचं मशीन’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. पूर्वी तक्रारी शिट्टी वाजण्याच्या असायच्या. आता दहातल्या सात जणांचा हात खिशातल्या फोनकडे जातो. त्यातल्याही बहुतेकांचं मशीन ठणठणीत असतं.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बोलणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण हिच्यापायी चांगली मशीनं विनाकारण दुरुस्तीला जातात. मीही एक पाठवलंय.

एक निवृत्त गुरुजी. मुलगी पुण्याला, तिचा रोज संध्याकाळी फोन. गुरुजींना तिचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू यायचा. पण मुलगी म्हणायची, “बाबा, विहिरीतून बोलताय का?” ते दोनदा दुकानात आले. दोन्ही वेळा मी समोर बसवून फोन लावून पाहिला आणि तो उत्तम चालला. तिसऱ्यांदा मी कंटाळून मशीन तपासायला पाठवलं. अकरा दिवसांनी ‘दोष नाही’ अशी चिठ्ठी लावून ते परत आलं. ते अकरा दिवस गुरुजी मशीनविना बसले.

मग एकदा बोलता बोलता ते म्हणाले, “मुलगी काय म्हणाली माहितीये? बाबा, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, आईला गॅस बंद करायला सांगा.” गुरुजी ओसरीवर झोपाळ्यात, आणि फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर चार्जिंगला! मुलीला कुकर जवळून ऐकू येत होता आणि बाप लांबून.

झालं होतं ते असं. त्यांचं मशीन आयफोनसाठीच्या जुन्या पद्धतीचं. त्यात पलीकडचा आवाज ब्लूटूथने कानात येतो, पण तुमचा आवाज फोनचाच माइक उचलतो. अँड्रॉइडच्या ‘आशा’ (ASHA) पद्धतीतही हेच. फोनॅक कंपनीची बरीच मॉडेलं साध्या ब्लूटूथ हेडसेटसारखी जोडली जातात, तिथे मशीनचे माइक तुमचा आवाज उचलतात आणि फोन खिशात राहिला तरी चालतं. काही नवी मॉडेलं आयफोन ११ आणि त्यापुढच्या फोनवर तसं करतात. म्हणून शेजारच्या काकांचं चालतं आणि तुमचं चालत नाही, यात भांडण्यासारखं काही नाही.

तुमचं कुठल्या जातीचं, ते मिनिटात कळतं. घरच्या कुणाला तरी अंगणात पाठवून फोन लावा. आधी फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ, बोट घासा. मग कानामागच्या मशीनवर घासा. ज्या वेळी पलीकडे खरखर ऐकू येईल, तिथला माइक चालू आहे.

फोनचा माइक असेल तर फोन हातात धरा किंवा समोर टेबलावर ठेवा. गुरुजींना मोकळे हात हवे होते, म्हणून मी त्यांना सदऱ्याच्या वरच्या खिशात फोन उलटा, म्हणजे चार्जिंगचं भोक वर येईल असा, ठेवायला सांगितलं. सरळ ठेवला की माइक कापडाच्या तळाशी जातो आणि पुन्हा तीच विहीर. मागच्या खिशात तर ठेवूच नका. आपलं शरीर ब्लूटूथच्या लहरी शोषून घेतं, त्यामुळे आवाज तुटक यायला लागतो.

आवाज वाढवायचा एकच दांडा आहे, असं समजणं

दुसरी चूक. एक मावशी फोन चालू असताना मशीनच्या अ‍ॅपमधली आवाजाची पट्टी वरवर सरकवायच्या आणि म्हणायच्या, “टीव्ही ओरडायला लागला, पण भाऊ काय बोलतोय ते कळत नाही.” बरोबरच आहे. फोन चालू असताना कानात दोन आवाज येतात: एक फोनमधून, दुसरा मशीनच्या माइकमधून, म्हणजे आजूबाजूचा. मावशी दुसराच वाढवत होत्या.

बहुतेक अ‍ॅपमध्ये मुख्य पट्टी भोवतालच्या आवाजाची असते. कॉलचा आवाज फोनच्या बाजूच्या बटणांवर वाढतो. काही अ‍ॅपमध्ये कॉल सुरू झाला की दुसरी पट्टी उगवते, पण ती दिसायला अ‍ॅप उघडावं लागतं. बाजूची बटणं कॉल चालू असतानाच दाबायची. एरवी दाबलीत तर रिंगचा किंवा व्हिडिओचा आवाज बदलतो आणि कॉल तसाच बारीक राहतो.

माझी सवय सांगतो. आधी अ‍ॅपमध्ये भोवतालचा आवाज खाली घ्यायचा आणि मगच बटणाने कॉल वाढवायचा. उलट क्रमाने गेलं की कान बधिर होईस्तोवर दोन्ही चढत जातात. मावशींना हे करून दाखवलं, तेव्हा भावाचा कॉल पूर्वीपेक्षा दोन खुणा खालीच पुरला.

कॉल संपल्यावर पट्टी पुन्हा वर आणायला विसरलात आणि घरातलं कुणी ‘हाक मारली तर ओ देत नाही’ म्हणू लागलं, तर मशीन बंद करून चालू करा. साधारणपणे ते ऑडिओलॉजिस्टने लावलेल्या पातळीवर आणि नेहमीच्या प्रोग्रॅमवर परत येतं. हॉटेलातल्या गोंगाटाचा प्रोग्रॅम चुकून तसाच राहिला तरी हाच उपाय. तो प्रोग्रॅम समोरचं बोलणं उचलतो आणि मागचं दाबतो. जेवताना उत्तम, पण रस्त्यावर मागून येणारी रिक्षा उशिरा कळते.

रोजच पट्टी शेवटाला न्यावी लागत असेल तर अ‍ॅपशी खेळणं थांबवा. ऑडिओलॉजिस्टने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे अ‍ॅप जात नाही. मशीनच्या तोंडाशी असलेली, कानातला मळ अडवणारी जाळी भरली असेल किंवा ऐकणं बदललं असेल. आधी जाळी बदला, मग तपासणीला या.

जोडणीतल्या घाई

पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेली मुलं बस पकडायच्या आधी पाच मिनिटांत ‘सेट करून’ देतात. निस्तरायला आई-बाबा माझ्याकडे येतात.

आयफोनसाठीच्या पद्धतीचं मशीन असेल तर आयफोनवर साध्या ब्लूटूथच्या यादीत शोधत बसू नका. `Settings > Accessibility > Hearing Devices` इथे जा. तिथे नाव दिसायला मशीन नुकतंच चालू झालेलं हवं: सेलचं असेल तर दार उघडून बंद करा, चार्जिंगचं असेल तर डबीत ठेवून बाहेर काढा. चालू झाल्यावर साधारण तीन मिनिटंच ते जोडणीसाठी तयार असतं. दोन्ही कानांची जोडणी मागितली तर दोन्ही मंजूर करा. एकच केलीत तर एकाच कानात आवाज येतो आणि दुसरं बिघडलं असं वाटतं.

अँड्रॉइडवर अ‍ॅप परवानगी मागतं तेव्हा घाईत ‘नको’ दाबलं जातं. अँड्रॉइड १२ पासून `Nearby devices`, त्याआधीच्या फोनवर `Location` ची परवानगी नसेल तर अ‍ॅपला मशीन सापडतच नाही. कॉल मात्र कानात येऊ शकतो, म्हणून लोक गोंधळतात.

कॉल येतो आणि फोनच्याच स्पीकरवर वाजतो? आयफोनवर त्याच `Hearing Devices` मध्ये `Audio Routing` पाहा.

जुना फोन कपाटात ब्लूटूथ चालू ठेवून पडलाय का? मग मशीन त्यालाच जाऊन चिकटतं. जुन्यातून जोडणी पुसून टाका.

आणि अ‍ॅपने मशीनसाठी नवा अपडेट दाखवला तर तो लग्नाच्या दिवशी सकाळी करू नका. दोन्ही मशीनं भरलेली, फोन शेजारी, आणि निदान अर्धा तास कुणाचा फोन यायचा नाही अशी वेळ धरून करा.