गुरुजींच्या शोकसभेत वाचायचा मजकूर: माजी विद्यार्थ्यांनी तो कसा लिहावा

सर गेल्याचा निरोप येतो आणि वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात शंभरभर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडतात. मग कुणीतरी लिहितं की तेराव्याला शोकसभा ठेवली आहे, आपल्या बॅचतर्फे काहीतरी वाचायला हवं. बीड जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद प्रशालेच्या सरांसाठी हे काम माझ्यावर आलं होतं. तेव्हा जे चुकलं आणि जे जमलं, त्यावरून सांगतो.

पहिली चूक मी लगेच केली. ग्रुपवर टाकलं, ‘सरांच्या आठवणी पाठवा.’ त्रेचाळीस निरोप आले. त्यातल्या बहुतेकांत सर शिस्तप्रिय होते, प्रेमळ होते आणि त्यांनी आम्हाला घडवलं. हे कुठल्याही गुरुजींबद्दल लिहिता येतं. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला: ‘सर तुझ्याशी एकट्याशी कधी बोलले? कुठे उभे होते? नेमकं काय म्हणाले?’ आणि लिहू नका, बोलून पाठवा, असंही सांगितलं. लिहायला बसलं की माणूस पुस्तकी होतो; बोलताना ‘सर सायकल धरून उभे व्हते’ असं आपोआप येतं. या वेळी फक्त अकरा निरोप आले, पण कामाचे सगळे त्यातच होते.

अकराही वाचायचा मोह होतो. तसं करू नये. सभेत पाच मिनिटं मिळतात, आणि सावकाश वाचलं तर तेवढ्यात साधारण पाचशे शब्द बसतात. त्यात एक प्रसंग नीट सांगता येतो, दुसरा जेमतेम. आम्ही निवडला तो ऊसतोडीचा.

आमच्याकडे दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक येतो आणि वर्गातली निम्मी मुलं आईबापाबरोबर जातात. सातवीतली एक मुलगी अशीच ट्रकजवळ उभी होती. सर तिथे गेले आणि तिच्या वडिलांशी बोलले. ती आजीपाशी राहिली आणि तिचं वर्ष वाचलं. सर काय बोलले याच्या मात्र ग्रुपवर तीन आवृत्त्या होत्या. एकात सरांनी शिक्षणाचं महत्त्व पटवून दिलं होतं, दुसऱ्यात ते रडले होते. म्हणून मी त्या मुलीलाच फोन केला. ती आता अंगणवाडी सेविका आहे. ती म्हणाली, सर एवढंच बोलले: “ही काय तुमचा अर्धा कोयता हाय? हे माझ्या वर्गातलं आख्खं लेकरू हाय. हिला ठिवा हितं.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. सभेत हे समजावून सांगायची गरज नव्हती, तिथे निम्मे लोक फडावर जाऊन आलेले होते. सरांचं वाक्य जसं बोललं गेलं तसंच ठेवायचं, हा माझा आग्रह आहे. एका मित्राने ते ‘ही आपली मजूर नसून माझी विद्यार्थिनी आहे’ असं शुद्ध करून दिलं होतं. त्यात सर उरले नाहीत, निबंध उरला.

प्रसंग ज्याचा आहे त्याची परवानगी मात्र घ्यावी. आपली गरिबी चारचौघांत वाचली जाणं प्रत्येकाला चालतं असं नाही. तिने नाव घ्यायला सांगितलं, म्हणून सभेत घेतलं.

आता तारखा. इथे फार घोळ होतात, कारण आठवण आपली असते आणि साल ऐकीव असतं. आमच्या पहिल्या मसुद्यात होतं की १९७२ च्या दुष्काळात सरांनी शाळेत सुकडी वाटली. सांगणारा मित्र अगदी खात्रीने सांगत होता. सरांच्या घरी जाऊन कागद पाहिले तर नेमणूक १९७६ ची. सुकडीची गोष्ट मित्राच्या वडिलांची होती, गुरुजीही दुसरे होते. असं वाक्य सभेत गेलं असतं तर पुढच्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघत बसले असते.

जन्मतारखेचंही तसंच. कागदावर १ जून १९४७ होती, म्हणून ३१ मे २००५ ला अठ्ठावन्न पूर्ण होऊन सर निवृत्त झाले. पण त्या पिढीत निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचा आहे. शाळेत नाव घालताना गुरुजीच ती तारीख टाकून देत. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, सर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे. आम्ही नेमणूक आणि निवृत्तीची सालं घेतली आणि जन्माला पोळा ठेवला.

लिहिताना सुरुवात थेट ट्रकपासून केली. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणत सगळ्यांची नावं घेतली की एक मिनिट जातं आणि एखादं नाव राहतंच. डॉक्टर, इंजिनिअर, तहसीलदार झालेल्या विद्यार्थ्यांची यादीही काढून टाकली, कारण तिच्यात कौतुक आमचंच होत होतं.

छडीचं काय करायचं, यावर आमच्यात वाद झाला. सर मारायचे. काहीजण ते हसत सांगत होते, ‘त्या छडीनेच घडलो’ वगैरे. एकाने मात्र मला वेगळा फोन करून सांगितलं की त्या मारामुळे त्याने शाळा सोडली. ते लपवून सरांना संत करणं मला पटेना, आणि शोकसभेत हिशेब मांडणंही बरं नव्हतं. शेवटी एकच वाक्य ठेवलं: ‘सरांचा हात कडक होता आणि आमच्यातल्या काहींना तो अजून आठवतो.’ विनोद नाही, समर्थन नाही. मजकूर आदल्या दिवशी सरांच्या मुलाला वाचून दाखवला. त्याने ते वाक्य राहू द्या म्हटलं. घरच्यांनी नको म्हटलं असतं तर मी काढलं असतं.

वाचणारा एकच असावा. चौघांनी थोडं थोडं वाचायचं ठरवलं की माईक हातोहात फिरण्यातच वेळ जातो. ज्याला सगळ्यात जास्त रडू येतं त्याला वाचायला देऊ नये, हे ऐकायला कठोर वाटेल. आणि एक बदली वाचक शेजारी बसवावा, हातात दुसरी प्रत देऊन. मजकूर मोबाईलवर ठेवू नका, ऐन वेळी फोन येतो किंवा पडदा काळा होतो. कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात, वाक्य पान उलटताना तुटणार नाही असं लिहावं. घरी मोठ्याने तीनदा वाचलं की गळा कुठे दाटतो ते कळतं. माझा ‘आख्खं लेकरू’वर दाटायचा. त्याच्या आधी मी लाल रेघ मारली, तिथे थांबायचं आणि श्वास घ्यायचा. सभेत तिथेच थांबलो. मंडपात कुणी हललं नाही, आणि मग वाक्य सरळ निघालं.

वाचून झाल्यावर ‘धन्यवाद’ म्हणायचं नाही, नाहीतर सवयीने टाळ्या पडतात. कागद घडी करून तसबिरीपुढे ठेवायचा आणि खाली बसायचं. उरलेले दहा प्रसंग आम्ही एका दोनशे पानी वहीत उतरवून काकूंना दिले. मागची पानं कोरी ठेवली होती, कारण सभेला आलेल्यांना तिथे बसल्या बसल्या काहीतरी आठवतंच. वहीला पेन मात्र दोरीने बांधा. आमचं पहिल्या अर्ध्या तासातच कुणाच्यातरी खिशात गेलं.