अयनदिन आणि विषुवदिनांच्या तारखा लिहिताना या चुका टाळा

वर्षातला सर्वांत लहान दिवस कोणता, असं विचारलं की शाळेत पाठ केलेलं उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडतं: २२ डिसेंबर. त्याच सवयीने मी एकदा खगोलाचा एक तक्ता तयार करताना २०२३ची तारीख उचलून २०२४च्या रकान्यात टाकली. तक्ता छापून झाल्यावर एका वाचकाने कळवलं की २०२४चा हा सर्वांत लहान दिवस, म्हणजे डिसेंबरचा अयनदिन, २१ तारखेला आहे. गणित तपासलं, तर त्याचंच बरोबर होतं. नंतर इतरांचे तक्ते तपासताना पाहिलं की याच पाच-सहा चुका सगळीकडे पुन्हा पुन्हा होतात. म्हणून त्या इथे उलगडून सांगतो.

क्षणाला दिवस समजणं

बाकीच्या बहुतेक घोटाळ्यांचं मूळ इथे आहे. अयनदिन आणि विषुवदिन हे शब्द ‘दिन’ने संपतात, पण आकाशात जे घडतं ते एका क्षणी घडतं. सूर्याचा सायन भोग, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गावर, क्रांतिवृत्तावर, वसंतसंपात या मार्चच्या विषुवबिंदूपासून मोजलेलं कोनीय अंतर, बरोबर २७० अंश झाला की डिसेंबरचा अयनक्षण आला. ० अंशाला मार्चचा विषुवक्षण, ९० अंशाला जूनचा अयनक्षण आणि १८० अंशाला सप्टेंबरचा विषुवक्षण. हा क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो. त्या क्षणी तुमच्या घड्याळात आणि कॅलेंडरवर काय होतं, ती झाली तारीख.

म्हणून तारीख लिहिण्याआधी क्षण लिहावा. डिसेंबरच्या अयनक्षणाची सहा वर्षं खाली मांडली आहेत. वेळा २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे आहेत. सेकंद पूर्ण मिनिटांत आणण्याच्या पद्धतीमुळे निरनिराळ्या पंचांगांत एखाद्या मिनिटाचा फरक दिसू शकतो.

| वर्ष | जागतिक वेळ | भारतीय वेळ |
|---|---|---|
| २०२३ | २२ डिसेंबर, ०३:२७ | २२ डिसेंबर, ०८:५७ |
| २०२४ | २१ डिसेंबर, ०९:२१ | २१ डिसेंबर, १४:५१ |
| २०२५ | २१ डिसेंबर, १५:०३ | २१ डिसेंबर, २०:३३ |
| २०२६ | २१ डिसेंबर, २०:५० | २२ डिसेंबर, ०२:२० |
| २०२७ | २२ डिसेंबर, ०२:४२ | २२ डिसेंबर, ०८:१२ |
| २०२८ | २१ डिसेंबर, ०८:२० | २१ डिसेंबर, १३:५० |

२०२६ची ओळ बघा. जागतिक वेळेनुसार तारीख २१ आहे, भारतीय वेळेनुसार २२. दोन्ही बरोबरच. पुढच्या वर्षी उलट्या बाजूची गंमत होते: २०२७मध्ये जागतिक वेळेनुसार २२ तारीख लागलेली असते, पण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा २१ डिसेंबरच्या रात्रीचे ९ वाजून ४२ मिनिटं झालेली असतात. दुसऱ्या देशातल्या वेबसाइटवरून नुसती तारीख उचलली की चूक होते ती अशी. दोन ठिकाणी वेगळी तारीख दिसली, तर आधी विचारायचं की ही कुठल्या घड्याळाची आहे. माझ्या अनुभवात निम्मे वाद तिथेच मिटतात.

‘लीप वर्षामुळे तारीख सरकते’ हे अर्धवट उत्तर

सूर्याचा सायन भोग पूर्ण ३६० अंशांनी वाढायला सरासरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि सुमारे ४५ सेकंद लागतात. हे सायन वर्ष. कॅलेंडरला मात्र पूर्ण दिवसच मोजता येतात. त्यामुळे ३६५ दिवसांचं साधं वर्ष संपतं तेव्हा खरं वर्ष संपायला अजून जवळपास पावणेसहा तास उरलेले असतात आणि अयनक्षण तेवढा पुढे जातो. तक्त्यात २०२४ ते २०२७ उतरत जा: १४:५१, २०:३३, मग मध्यरात्र ओलांडून ०२:२०, मग ०८:१२. तारीख पुढे ढकलणारी ही साधी वर्षं आहेत. २९ फेब्रुवारीचं काम तिला मागे खेचण्याचं.

माझी चूक झाली ती नेमकी या खेचाखेचीत. २०२३चा क्षण भारतीय वेळेनुसार २२ डिसेंबरला सकाळी ८:५७चा. पुढचा क्षण त्यानंतर ३६५ दिवस ५ तास ५४ मिनिटांनी आला. पण मध्ये २९ फेब्रुवारी २०२४ असल्याने कॅलेंडरने २२ डिसेंबर ते २२ डिसेंबर ३६६ दिवस मोजले. म्हणजे क्षण १८ तास ६ मिनिटं मागे पडला आणि २१ तारखेच्या दुपारी २:५१वर येऊन बसला. कुठल्याही अयन किंवा विषुवक्षणासाठी हाच हिशेब ठेवा: साध्या वर्षी सुमारे पावणेसहा तास पुढे, मधे २९ फेब्रुवारी आली तर सुमारे सव्वाअठरा तास मागे.

एक बारकावा. डिसेंबरच्या क्षणासाठी ही मागची उडी २०२३ ते २०२४ या दरम्यान पडते, आणि मार्चच्या विषुवक्षणासाठीही तिथेच, कारण २० मार्च २९ फेब्रुवारीच्या नंतर येतो. लीप दिवसाचा परिणाम पुढच्या वर्षी दिसेल असं धरून चालणारे तक्ते मी पाहिले आहेत. ते पूर्ण एक दिवसाने चुकतात.

चार वर्षांचं चक्र कायमचं समजणं

चार वर्षांपूर्वीची तारीख बघून यंदाची लिहिणं ही युक्ती बऱ्याचदा चालून जाते, म्हणूनच ती धोक्याची. चार वर्षांत एक जादा दिवस दिला की सरासरी वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं होतं. ते खऱ्या वर्षापेक्षा सव्वाअकरा मिनिटं मोठं, म्हणून दर चार वर्षांनी क्षण साधारण ४५ मिनिटं अलीकडे येतो. २०२३ला जागतिक वेळेनुसार ०३:२७ होते, २०२७ला ०२:४२: नेमकी ४५ मिनिटं. हे ४५-४५ साठत जातात आणि शेवटी मध्यरात्रीची रेघ ओलांडतात. मार्चचा विषुवक्षण जागतिक वेळेनुसार २००७मध्ये २१ तारखेला मध्यरात्रीनंतर ७ मिनिटांनी आला होता, २०११मध्ये तो २० तारखेच्या रात्री ११:२१ला आला. तेव्हापासून त्या घड्याळावर २१ मार्च दिसलेला नाही. असंच सरकत २०४४मध्ये तो १९ मार्चवर उतरेल.

जुन्या ज्युलियन कॅलेंडरमध्ये ही गळती थांबवायची सोयच नव्हती. सोळाव्या शतकापर्यंत विषुवदिन ११ मार्चच्या आसपास आला होता. म्हणून १५८२मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर घेतला गेला आणि ४००ने भाग न जाणाऱ्या शतकवर्षांतला लीप दिवस रद्द झाला. २००० सालाला ४००ने भाग जातो, त्यामुळे तेव्हा दिवस वगळला गेला नाही आणि १९००च्या सुधारणेनंतर सुरू झालेली घसरण दोन शतकं अखंड चालू राहणार आहे. २१०० साल लीप नसेल. तेव्हा तारखा एका दिवसाने पुन्हा पुढे येतील.

सरासरी मिळवून मिनिटापर्यंत वेळ सांगणं

स्प्रेडशीटमध्ये एक वेळ टाकून खाली ५ तास ४८ मिनिटं ४५ सेकंद मिळवत जाणं सोपं आहे. पण वरचा तक्ता वजाबाकी करून पाहा: वर्षागणिक वाढ अनुक्रमे ५:५४, ५:४२, ५:४७, ५:५२ आणि ५:३८ अशी निघते. छपाईची चूक नाही ही. पृथ्वी एकटी सूर्याभोवती फिरत नाही. पृथ्वी आणि चंद्र यांचा सामायिक गुरुत्वमध्य पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर असतो आणि कक्षेत नीट फिरतो तो मध्य. चंद्र योग्य बाजूला असेल तर पृथ्वी त्या मध्याच्या तेवढीच पुढे किंवा मागे असते. तिचा वेग सेकंदाला साधारण ३० किलोमीटर, म्हणजे एकट्या चंद्रापायी क्षण अडीच मिनिटं लवकर किंवा उशिरा येऊ शकतो. त्यात इतर ग्रहांची ओढ आणि पृथ्वीच्या अक्षाचं डुलणं मिळवलं की एखाद्या वर्षी दहा-पंधरा मिनिटांचा फरक सहज पडतो. म्हणून सरासरीने काढलेला क्षण मध्यरात्रीच्या अर्ध्या तासात येत असेल, तर त्यावरून तारीख ठरवू नका, प्रत्यक्ष गणिताचं पंचांग बघा. २०२५चा सप्टेंबर विषुवक्षण भारतीय वेळेनुसार २२ तारखेला रात्री ११:४९ला होता. अशा ठिकाणी अंदाजाला अजिबात जागा नसते.

सूर्योदय-सूर्यास्तावरून तारीख पडताळणं

विषुवदिनी दिवस-रात्र समान असतात, असं म्हणून वर्तमानपत्रातल्या वेळांची वजाबाकी करणारे हमखास गोंधळतात. सूर्योदय बिंबाच्या वरच्या कडेवरून मोजतात आणि वातावरणातलं वक्रीभवन ते बिंब वर उचलून दाखवतं, त्यामुळे त्या दिवशी विषुववृत्तावरही दिवस १२ तासांपेक्षा सुमारे सात मिनिटं मोठा असतो. ४० उत्तर अक्षांशावर खरी समानता मार्चमध्ये तीन-चार दिवस आधीच येऊन जाते.

अयनदिनाचं तर सावलीवरूनही नक्की करता येत नाही. विषुवक्षणाजवळ सूर्य दिवसाला साधारण २४ कला उत्तर-दक्षिण सरकतो, म्हणजे आपल्या बिंबाच्या पाऊण रुंदीइतका. अयनक्षणाच्या एक दिवस आधी किंवा नंतर हाच फरक फक्त १३ विकला असतो, बिंबाच्या रुंदीचा सुमारे १४५वा भाग. अंगणात काठी रोवून २१ की २२ हे सांगता येणार नाही. आठवडाभर आधीची आणि नंतरची सावली मोजून मधला दिवस काढला तर जमेल.

ऋतूंचे चार समान तुकडे

वर्ष भागिले चार, म्हणजे ९१.३ दिवसांचा एक ऋतू, हाही हिशेब फसतो. मार्च २०२६पासून पुढे क्षणाक्षणांतलं अंतर मोजलं तर अनुक्रमे सुमारे ९२.७, ९३.७, ८९.९ आणि ८९ दिवस येतात. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा वेगाने धावते, म्हणून डिसेंबर ते मार्चचा टप्पा लवकर उरकतो. त्याला ‘हिवाळा’ म्हणायचं ते उत्तर गोलार्धापुरतं. दक्षिणेत तोच उन्हाळा असतो. दोन्ही गोलार्धांसाठी लिहिताना ‘डिसेंबरचा अयनदिन’ हेच नाव सुरक्षित.

हवामानशास्त्रात या क्षणांना धरून ऋतू मोजतच नाहीत. तिथे उत्तर गोलार्धाचा हिवाळा १ डिसेंबरला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपतो. तापमानाच्या नोंदी महिन्यांच्या हिशेबाने ठेवलेल्या असतात आणि दरवर्षी सीमा हलली तर तुलना करता येत नाही. दोन्ही पद्धती एका तक्त्यात मिसळल्या की १ ते २० डिसेंबरची थंडी एका रकान्यात हिवाळ्याची आणि दुसऱ्यात शरदाची ठरते. आणि हवामानाच्या हिवाळ्यातही २९ फेब्रुवारी सोडत नाहीच: २०२३-२४चा हिवाळा ९१ दिवसांचा होता, त्याच्या पुढचा ९०. एकूण पावसाची किंवा थंड दिवसांची बेरीज शेजारी ठेवताना तो एक दिवस वेगळा काढावा लागतो.