संयुक्त साहसाचं मेमोरँडम खातं लिहिताना या चुका टाळा

दोन व्यापारी एका मालापुरते एकत्र येतात, प्रत्येक जण आपापल्या वहीत लिहितो आणि शेवटी दोघांचा ताळा काही केल्या बसत नाही. दरवेळी मूळ तेच निघतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतोय.

आधी पद्धत नक्की करा. साहसासाठी वेगळी पुस्तकं ठेवायची असतील तर संयुक्त बँक खातं, संयुक्त साहस खातं आणि दोघांची वैयक्तिक खाती, सगळं त्याच संचात येतं. ती नसतील तर प्रत्येकाने आपल्या वहीत 'समोरच्यासोबतचं संयुक्त साहस खातं' उघडायचं, त्यात फक्त स्वतःचे व्यवहार लिहायचे, आणि नफा काढायला बाहेर एक मेमोरँडम खातं करायचं. अर्धं हे, अर्धं ते असं करू नका. लोक करतात.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे एकमेकांना पाठवलेले पैसे मेमोरँडममध्ये घालणं. एका जोडीचं भांडण माझ्याकडे आलं होतं, आकडे गोल करून सांगतो. अ ने 60,000 चा माल घेतला, 2,000 भाडं भरून ब कडे पाठवला. ब ने विक्रीखर्च आणि गोदामभाडं मिळून 2,000 केले, माल 80,000 ला विकला, त्यावर 5 टक्के कमिशन म्हणजे 4,000 त्याचे. उरलेला माल अ ने 5,000 ला स्वतःकडे घेतला. मधेच ब ने अ ला 30,000 उचल पाठवली होती. नफा 3:2.

हिशेब लिहिणाऱ्याने ती उचल मेमोरँडमच्या नावे बाजूला खर्च म्हणून टाकली! झालं, 13,000 तोटा. दोघंही चिडलेले, ब म्हणतो माल चांगला विकूनसुद्धा तोटा कसा, अ म्हणतो तूच खर्च फुगवलास. मी वह्या शेजारीशेजारी ठेवल्या तर अ च्या वहीत ब कडून येणं 19,200 आणि ब च्या वहीत अ ला देणं 49,200. फरक बरोबर 30,000! म्हणून सांगतो, ताळा बसला नाही की आधी फरकाचा आकडा घ्या आणि तो एखाद्या पाठवलेल्या रकमेशी जुळतो का बघा, पूर्ण बेरजा पुन्हा मारत बसू नका.

उचल म्हणजे खर्चही नाही आणि उत्पन्नही नाही, ती फक्त दोघांच्या वैयक्तिक हिशेबात दिसते, अ च्या वहीत जमा, ब च्या वहीत नावे. ती काढली की मेमोरँडममध्ये नावे 68,000, जमा 85,000, नफा 17,000. अ ला 10,200 आणि ब ला 6,800. अ च्या वहीत नावे 62,000 आणि नफा 10,200, जमा बाजूला माल 5,000 आणि उचल 30,000, येणं 37,200. ब च्या वहीत जमा 80,000, नावे बाजूला खर्च 2,000, कमिशन 4,000, नफा 6,800, उचल 30,000, देणं 37,200. जुळलं.

दुसरी नावडती चूक म्हणजे स्वतःचं कमिशन आणि स्वतः घेतलेला माल. मेमोरँडममध्ये हे व्यवस्थित येतं, पण आपल्या वहीत नोंद राहून जाते कारण रोख हलत नाही ना! घाईवाल्यांना बँकेची नोंद दिसली तरच व्यवहार झाल्यासारखा वाटतो. ब ने संयुक्त साहस खातं नावे, कमिशन खातं जमा असं लिहिलंच पाहिजे, आणि अ ने खरेदी खातं नावे, संयुक्त साहस खातं जमा. माल राहिला तर फरक 5,000 चा, कमिशन राहिलं तर 4,000 चा. माझी सवय अशी की मेमोरँडमच्या प्रत्येक ओळीपुढे 'अ' किंवा 'ब' लिहितो आणि त्याच्या वहीत सापडली की खूण करतो. कंटाळवाणं आहे, पण फरक शोधण्यापेक्षा परवडतं.

बाकीच्या लहान. मेमोरँडम हे दुहेरी नोंदीचं खातं नाही, त्याची बाकी तेरजेत आणू नका. आपल्या वहीत फक्त आपला नफ्याचा वाटा, पूर्ण 17,000 नाही. प्रमाण माहीत नसेल तर करार आधी वाचा, मनाने अर्धंअर्धं करू नका; करारात काहीच ठरलं नसेल तरच समान वाटे धरा. हुंडी वटवताना गेलेला बट्टा साधारणपणे साहसाचा खर्च धरतात, म्हणून तो मेमोरँडममध्ये आणि ज्याने हुंडी वटवली त्याच्या वहीत, दोन्हीकडे.