आर्टिकलशिपमधला रविवार: सोमवारपासून मागे मोजत आखलेला अभ्यास

इंदूरमध्ये सीए फायनलची तयारी करणारे बहुतेक विद्यार्थी सोमवार ते शनिवार आर्टिकलशिपच्या ऑफिसात असतात, त्यामुळे अख्खा मोकळा दिवस म्हणून त्यांच्या वाट्याला रविवारच येतो. साहजिकच त्या एका दिवसावर आठवड्याचा सगळा भार टाकला जातो आणि बारा तासांचा बेत ठरतो. माझ्या अनुभवात अशा बेताचे शेवटचे तीन-चार तास पदरात काहीच टाकत नाहीत, शिवाय सोमवारची संध्याकाळही घेऊन जातात. म्हणून नव्याने आर्टिकलशिपला लागलेल्यांना मी रविवार सोमवारपासून मागे मोजत आखायला सांगतो: सोमवारी ऑफिसातून आल्यावर अर्धा तास वही उघडता आली पाहिजे, हे आधी ठरवावे आणि मग रविवारी किती करायचे ते ठरवावे.

माझ्या मते प्रत्यक्ष अभ्यासाचे सहा तास पुरेसे आहेत, आणि त्यात गणिताचा विषय एकच असावा. फायनान्शियल रिपोर्टिंग आणि अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट एकाच दिवशी घेतले, तर दुसऱ्या विषयाची उदाहरणे सोडवण्याऐवजी नुसती उत्तरे वाचली जातात. कोणता धडा, कोणती उदाहरणे आणि कोणता जुना प्रश्न घ्यायचा, हे शनिवारी रात्रीच कागदावर लिहून ठेवावे. सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर निवड करायला बसले की पहिला तास त्यातच जातो.

समजा, विषय आहे इंड एएस 115, म्हणजे ग्राहकांशी झालेल्या करारांतून मिळणारा महसूल. सकाळी आठ ते अकरा या वेळात, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती घेऊन, त्याच्या पाच पायऱ्या समजून घ्याव्यात: करार ओळखणे, त्यातील स्वतंत्र बांधिलक्या ओळखणे, व्यवहाराची किंमत ठरवणे, ती बांधिलक्यांमध्ये वाटणे आणि महसूल नोंदवणे. मग वहीत स्वतःच्या हाताने एक उदाहरण करावे. एका कंपनीने यंत्र आणि दोन वर्षांची देखभाल मिळून 90,000 रुपयांना विकली. स्वतंत्रपणे यंत्राची किंमत 80,000 आणि देखभालीची 20,000 आहे. एकूण एक लाखाच्या प्रमाणात वाटणी केली, तर यंत्राला 72,000 आणि देखभालीला 18,000 येतात. यंत्राचा महसूल त्याचा ताबा ग्राहकाकडे गेल्यावर नोंदवायचा आणि देखभाल दोन्ही वर्षे सारखीच दिली जात असेल, तर तिचे दरवर्षी 9,000. आकडेमोड सोपी आहे. अडते ते देखभाल ही वेगळी बांधिलकी आहे की नाही, हे ठरवताना. त्या निर्णयाचे कारण दोन ओळींत लिहिता आले नाही, तर धडा अजून झालेला नाही असे समजावे.

दुपारचे जेवण हलके घ्यावे. आई श्रीखंड-पुरीचा बेत करणार असेल, तर तो रात्री करण्याची विनंती अवश्य करावी, कारण परीक्षेचा पेपर दुपारी दोनलाच सुरू होतो आणि त्या वेळी डोके चालते का, हे रविवारीच तपासता येते. दोन ते पाचमध्ये घड्याळ लावून कोऱ्या कागदांवर आधीच्या आठवड्यांतील धड्यांचे प्रश्न सोडवावेत. शंभर गुणांना 180 मिनिटे असतात, म्हणून 14 गुणांच्या प्रश्नाला साधारण 25 मिनिटे द्यावीत. वेळ संपली की अर्धवट उत्तर तिथेच सोडून पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

थकवा अंगात जाणवण्याआधी कागदावर उमटतो. वर्किंग नोट्स लिहिणे बंद होते, बेरीज करताना एखादी ओळ सुटते, प्रश्नातली तारीख पुन्हा पुन्हा पाहावी लागते. एकाच उत्तरात असे दोनदा झाले की दहा मिनिटे उठून फिरून यावे, आणि परतल्यावरही तेच होत असेल, तर साडेचार वाजले असले तरी पेन ठेवावे. या अवस्थेत तपासलेली उत्तरे विश्वासार्ह नसतात, त्यामुळे तपासणी सहानंतर, पाऊण तासात करावी. प्रत्येक चुकीपुढे संकल्पना चुकली, आकडा चुकला की वेळ पुरला नाही, एवढेच लिहावे. सातनंतर नवीन काहीही उघडू नये. राजवाड्याकडे चक्कर मारावी, घरच्यांशी बोलावे आणि नेहमीच्या वेळी झोपावे.

सोमवारच्या अर्ध्या तासात संकल्पनेच्या चुकांपैकी फक्त एक प्रश्न उत्तर न पाहता पुन्हा सोडवायचा. तो अर्धा तास सलग दोन सोमवार झाला नाही, तर पुढच्या रविवारी दुपारचा एक तास कमी करावा, सकाळचा मात्र तसाच ठेवावा.

ऑफिसचे दिनमानही पाहावे लागते. ज्यांच्याकडे जीएसटीचे काम आहे, त्यांना दर महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीआर-3बी भरण्याच्या दिवसांत, रात्री उशीर होतो. त्या आठवड्याआधीच्या रविवारी दुपारची परीक्षा पूर्णपणे वगळून फक्त सकाळचा धडा घ्यावा, आणि राहिलेले प्रश्न कुठल्याही वारी न घुसवता सरळ पुढच्या रविवारच्या कागदावर लिहावेत.