या चुका टाळा: रिपोर्टच्या स्क्रीनशॉटमध्ये आकडे आले, शीर्षकं गेली

रक्ततपासणीचा रिपोर्ट मोबाइलवर उघडायचा, अक्षरं बारीक म्हणून झूम करायचं, हव्या त्या ओळी दिसल्या की स्क्रीनशॉट काढून डॉक्टरांना किंवा घरच्या जाणत्या माणसाला पाठवायचा. यात वरची शीर्षकांची ओळ आणि कडेचा एककांचा रकाना बाहेर राहतो. पाठवणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण त्याने पूर्ण पान नुकतंच पाहिलेलं असतं. समोरच्याकडे पोचतात ते नुसते आकडे.

समजा, असा तुकडा आला:

क्रिअ‍ॅटिनिन  १.४  १.१  ०.९  (०.७ – १.३)

एकक दिसत नाही, पण इथे ते ओळखता येतं. कंसातली मर्यादा ०.७ ते १.३ आहे, म्हणजे एकक mg/dL. काही लॅब क्रिअ‍ॅटिनिन µmol/L मध्ये देतात. ते आकडे सुमारे ८८ पट मोठे असतात, आणि हीच मर्यादा तिथे साधारण ६२ ते ११५ अशी छापली जाते. त्यामुळे संदर्भ मर्यादेचा रकाना शाबूत असेल तर हरवलेलं एकक बहुतेक वेळा सापडतं.

खरी पंचाईत तीन आकड्यांच्या क्रमाची आहे. हे तीन वेगवेगळ्या तारखांचे निकाल आहेत आणि तारखा शीर्षकात होत्या. काही लॅब सर्वांत ताजा निकाल डावीकडे छापतात, काही उजवीकडे. ताजा निकाल डावीकडे असेल तर क्रिअ‍ॅटिनिन ०.९ वरून १.४ वर चढलंय आणि मर्यादेबाहेर गेलंय, म्हणजे किडनीकडे लक्ष द्यायला हवं. ताजा उजवीकडे असेल तर ते १.४ वरून ०.९ वर उतरलंय. आकडे तेच, अर्थ नेमका उलटा! शेजारी युरियाची ओळ असली तरी उपयोग नाही. तीही त्याच क्रमाने वाढलेली किंवा घटलेली दिसेल. १.४ पुढे ‘H’ छापलेला असेल तर त्यातून आकडा मर्यादेपेक्षा जास्त आहे एवढंच कळतं, तो कधीचा आहे हे नाही. चित्राकडे कितीही वेळ पाहिलं तरी तारीख त्यातून निघत नाही. इथे अंदाज करू नये, सरळ विचारावं.

मर्यादेचा रकानाही कापला गेला तर एककसुद्धा हाती लागेलच असं नाही. नुसतं ‘५.८’ घ्या. उपाशीपोटीची साखर mmol/L मध्ये मोजली असेल तर ती mg/dL मध्ये साधारण १०४ होते (१८ ने गुणायचं). पण तो आकडा एचबीए१सीचा, म्हणजे ५.८ टक्केही असू शकतो. दोन्ही चाचण्या मधुमेहासाठीच होतात, दोन्हींत हा आकडा येऊ शकतो, आणि चाचणीचं नाव कापलेलं असेल तर फरक कळायला वाव नाही.

कापण्यामागे कधी कधी चांगला हेतू असतो: वर रुग्णाचं नाव, वय, फोन नंबर असतो, तो जायला नको. पण त्यासाठी अख्खा वरचा भाग उडवला की तारखाही जातात. त्यापेक्षा फोटो एडिटरमधला भरीव चौकोन नावावर ठेवा. हायलायटरसारखा अर्धपारदर्शक काळा पट्टा फिरवू नका. ब्राइटनेस वाढवला की त्याखालचं नाव बऱ्याचदा वाचता येतं.

सगळ्यात सोपं म्हणजे मूळ पीडीएफच पाठवणं. स्क्रीनशॉटच काढायचा असेल तर फोन आडवा धरा आणि झूम कमी करा, म्हणजे शीर्षकापासून मर्यादेपर्यंतचा पूर्ण पट्टा एका चित्रात बसेल. तरी मावत नसेल तर दोन चित्रं काढा, पण दुसऱ्यात पहिल्याची शेवटची ओळ पुन्हा येऊ द्या. नाहीतर दोन्ही कुठे जुळतात तेच कळत नाही. आकडे स्प्रेडशीटमध्ये स्वतः उतरवत असाल तर एक्सेलमध्ये View > Freeze Panes > Freeze Top Row केलं की खाली सरकल्यावरही शीर्षकं वरच राहतात, आणि स्क्रीनशॉटमध्ये आपोआप येतात.

तुमच्याकडे असा कापलेला तुकडा आला तर तो मोठा करून काही मिळणार नाही. कापलेला भाग पाठवलेल्या चित्रात नसतोच. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये मात्र मूळ रिपोर्ट बहुधा असतो. ‘पूर्ण रिपोर्ट पाठवा’ म्हटलं की पुष्कळदा तेच चित्र पुन्हा येतं, म्हणून नेमकं विचारा: ‘सगळ्यात डावीकडच्या आकड्यावर कोणती तारीख लिहिली आहे? आणि आकड्यांच्या पुढे mg/dL आहे की दुसरं काही?’